आईच्या पपईची सात रोपं

आई गेली त्याच महिन्यात भावाने नव्या खोलीसाठी माहेरच्या, तिवशाच्या अंगणातलं तिचं पपईचं झाड तोडलं. शेवटचं पिकलेलं फळ मी सासरी, शेंदूरजनाघाटला आणलं. बिया राखेत चोळून त्यांचा चिकटपणा काढला, छोट्या पिशव्यांत पेरल्या. सात उगवल्या. आईचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच होतं.

रोपं वितीएवढी झाल्यावर त्यांना उन्हाची सवय लावायला घेतली. पहिल्या दिवशी कोवळ्या उन्हात तासभर, की परत हिरव्या जाळीखाली. दुसऱ्या दिवशी दोन तास. पाणी जरा कमी, पण पानं मलूल होऊ द्यायची नाहीत. बाळ झोपलं की मी पिशव्या आत-बाहेर करायची.

सासरे, नत्थुजी, खाटेवरून चिडवायचे, "सूनबाई, किती लेकरं सांभाळून राहिली तू?"

"आठ, मामाजी."

ते खदखदून हसायचे. चाळीस वर्षं त्यांनी संत्र्याच्या नर्सरीत काढली होती. संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात त्या जंभेरीची रोपं त्यांच्या हातून सहसा मरायची नाहीत.

नवव्या दिवशी मी बाळाला लस द्यायला घेऊन गेले. मोठ्या कुंड्या भरून ठेवल्या होत्या. ऊन उतरलं की मातीच्या गोळ्यासकट रोपं त्यात अलगद बसवायची, एवढंच राहिलं होतं.

दुपारी तीनला परतले तर मामाजी दारातच. "लावून टाकली मी! म्हटलं, पोरीले आज बाळाजवळ बसू द्यावं."

कुंड्यांभोवती मोकळी माती सांडली होती. त्यांनी जंभेरीसारखंच केलं होतं. माती झटकली, मुळं सरळ आहेत का पाहिली, सोटमुळाचं टोक नखाने खुडलं. जंभेरीला ते चालतं. पपईला मूळ उघडं पडलेलं सोसत नाही, आणि हे तर भर उन्हात. पानांनी तेव्हाच माना टाकल्या होत्या.

मी लगेच कुंड्या सावलीत ओढल्या, मोठी पानं अर्धी कापली, काड्या रोवून वर ओलं गोणपाट टाकलं. तिसऱ्या दिवशी चार गेली, पाचव्या दिवशी दोन. आठवड्याने शेवटच्याचं खोड बुडाशी मऊ पडलं. मामाजींनी ते धरलं तर हातातच आलं.

"काहून मेली वं सगळी?"

"ऊन लय होतं, मामाजी."

"उनाची सवय तर तूच लावली त्याईले. मी पाह्यलं ना रोज. खरं सांग."

मग सांगितलं. पपईची माती झटकत नाहीत.

त्यांनी ते रोप हळूच कुंडीच्या काठावर ठेवलं. "मंग तवाच ओरडली काहून नाही माह्यावर?"

"तुमी माझ्यासाठीच केलं होतं ना."

आत बाळ रडायला लागलं. माझ्याने उठवेना. मामाजी उठले, पाळण्यापाशी गेले, वाकले आणि तसेच थांबले.

"तूच घे पोरी," म्हणाले. "माह्या हातात नको."