बापावर गेलेली पोर

छापखान्यात त्याला सगळे भिंगवाला म्हणत. मशीनवरून कागद उतरला की चारही रंग एकमेकांवर नीट बसलेत की नाही, हे तो डाव्या डोळ्याला भिंग लावून बघायचा. उजवा डोळा काचेचा. लहानपणी खेळताना काठी लागली आणि डोळा गेला, असं आई सांगायची. त्याला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. शेजारच्या मशीनवरचा म्हातारा कारागीर हसायचा, "आम्हाला भिंगात बघायला एक डोळा मिटावा लागतो गड्या. तुझी तेवढी मेहनत वाचली!" भिंगवालाही हसायचा. नसलेल्या डोळ्याचं दुःख करत बसायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

लग्नानंतर चार वर्षांनी मुलगी झाली. घरात तिला ठकी म्हणत. रंग आईचा, हनुवटी आजीची, आणि डोळे थेट बापाचे, असं जो येईल तो म्हणायचा. हे ऐकलं की आजी काहीतरी निमित्त काढून आत निघून जायची. पण घरात म्हाताऱ्या माणसाला शंभर कामं असतात, तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

ठकी बसायला लागली तेव्हा तिचा उजवा डोळा जरा नाकाकडे वळतोय असं तिच्या आईला वाटलं. लसीच्या वेळी तिने दवाखान्यात विचारलं. तिथल्या डॉक्टरांनी ठकीच्या गालाला हात लावला आणि म्हणाले, "बाळांचे डोळे असे दिसतातच. वर्षाची झाली की सरळ होतील." डॉक्टरांनीच सांगितल्यावर प्रश्न मिटला. भिंगवाल्याने तर बायकोची थट्टाच केली, "तिरळं माणूस नशिबाचं असतं म्हणतात. एका वेळी दोन घरांवर नजर ठेवेल."

मग एका संध्याकाळी ठकीला पलंगावर निजवून आई तिचे कपडे बदलत होती. खोलीत अंधारून आलं होतं, आणि कोपऱ्यातल्या दिव्याचा उजेड बाजूने ठकीच्या तोंडावर पडत होता. आई एकदम म्हणाली, "अहो, इकडे या. हे काय आहे? बुबुळाच्या आत पांढरं चमकतंय. मांजरीच्या डोळ्यासारखं."

तो वाकून बघायला गेला तेवढ्यात ठकीने मान वळवली आणि डोळा पुन्हा काळाभोर झाला.

"दिव्याचा उजेड असेल गं."

"उजेड डाव्या डोळ्यात का नाही मग?"

सुकलेले कपडे घेऊन आजी आत आली होती. ठकीने पुन्हा मान फिरवली, आणि आजीला ते दिसलं. कपडे खुर्चीवर ठेवून तिने दिवाच विझवला.

दोन दिवस म्हातारी ताटावरून तशीच उठली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कामाला निघाला तशी ती दारात आडवी उभी राहिली. "आज छापखाना राहू दे. पोरीला डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. मीही येते."

"आई, वर्षाची झाली की—"

"वर्षाची वाट बघू नकोस!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की ठकी रडायला लागली.

हॉस्पिटलात बुबुळं मोठी करायचे थेंब घातले, नंतर ठकीला गुंगी देऊन आत नेलं. बाहेर बाकावर तिघं ओळीने बसली होती, मध्ये रिकामं झबलं. डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्यांना खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला. त्याच्या मागच्या बाजूला पेन टेकवून म्हणाल्या, "डोळ्याच्या मागे हा पडदा असतो. या पडद्यातच गाठी झाल्यात. उजवा डोळा गाठीने भरलाय, तीच तुम्हाला पांढरी दिसली. डाव्यात दोन लहान आहेत. हा डोळ्याचा कॅन्सर आहे."

ठकीच्या आईने पदर तोंडात धरला. भिंगवाला त्या गोलाकडेच बघत राहिला. तो शब्द आणि ती दुधाच्या वासाची पोर, यांची त्याच्या डोक्यात गाठच पडेना.

डॉक्टरबाई त्याच्याकडे निरखून बघत होत्या. "तुमचा उजवा डोळा कशाने गेला?"

"काठी लागली होती. लहानपणी."

"कोण सांगतं?"

"आई."

म्हातारी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"काठी नव्हती," ती म्हणाली. "गाठच होती. दीड वर्षाचा होता हा. त्या वेळच्या डॉक्टरांनी डोळा काढला, आणि म्हणाले, मोठा झाला, लेकरंबाळं झाली, की जन्मल्याबरोबर त्यांचे डोळे तपासा. मी हो म्हटलं. पण ते बोलायचं कुणाजवळ? असल्या दुखण्याच्या मुलाला मुलगी कोण देतं? काठी लागली म्हटलं की लोक हळहळतात आणि गप्प बसतात. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, काठीच असेल."

डॉक्टरबाईंनी तिला दोष दिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "एकाच डोळ्यात गाठ असली तरी काही वेळा ती वारशाची असते. यांची तशी निघाली, तर यांच्या प्रत्येक मुलात ती उतरायची शक्यता निम्मी. आधी कळलं असतं तर आम्ही पहिल्या आठवड्यापासून तपासत राहिलो असतो. टाचणीच्या डोक्याएवढी असतानाच लेझरने जाळली असती. आणि चार महिन्यांच्या पुढे डोळा तिरळा राहिला, तर ते बघायलाच हवं होतं. ते तुमच्या दवाखान्याचं चुकलं."

"आता?" ठकीच्या आईने विचारलं.

"उजवा डोळा काढावा लागेल."

भिंगवाला ताडकन उठला. "औषधं द्या. दुसरं काहीही करा. डोळा नाही."

"त्या डोळ्याने तिला आत्ताही दिसत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गाठ अजून डोळ्याच्या आत आहे. अशी शंभर मुलं असली तर पंच्याण्णवच्या वर जगतात. गाठ डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे गेली, तर मग माझ्या हातात फारसं काही उरणार नाही. तुम्ही आज डोळा वाचवायला घरी न्याल, आणि काही महिन्यांनी पोर वाचवायला घेऊन याल. अशी माणसं मी पाहिलीत."

सही ठकीच्या आईने केली. त्याचा हात पुढे होत नव्हता.

डोळा काढला. डाव्या डोळ्यासाठी शिरेतून औषध सुरू झालं, दर तीन-चार आठवड्यांनी, आणि मध्ये मध्ये गुंगी देऊन लेझर. ठकीचे केस गळाले, तोंड आलं, रक्तातल्या पेशी उतरल्या की ताप चढायचा आणि वॉर्डात राहावं लागायचं. त्या काळात भिंगवाला आईशी बोलला नाही. घरात ती पाण्याचा पेला पुढे करायची, तो बायकोला हाक मारून दुसरा मागायचा. बापाच्याच रक्तातून पोरीला हे मिळालं, हे त्याला सहन होत नव्हतं. तो राग त्याने आईच्या नावावर टाकला होता, एवढंच.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर चार वर्षांचा एक मुलगा होता. ढेरी एवढी सुटलेली की सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याच्या खाटेला पाटी बांधलेली होती: पोट दाबू नये. त्याची आई लाँड्रीत इस्त्री करायची.

"याची पँट कमरेत घट्ट व्हायला लागली," तिने एकदा सांगितलं. "आणि हात तर काड्या. मी म्हटलं, ही कसली तब्येत? मग अंघोळ घालताना एका अंगाला हाताला कडक लागलं. दुखत-बिखत नव्हतं, हा आपला पाणी उडवत खिदळतोय. त्याच आठवड्यात लघवी लालसर झाली. मी इस्त्री तशीच टाकली आणि निघाले. मूत्रपिंडात गाठ निघाली."

"लवकर आलात, ताई," भिंगवाला म्हणाला. त्याच्या आवाजात असूया होती. ती त्याची त्यालाच कळली.

"डॉक्टरही तेच म्हणतात. हे दुखणं दहातल्या नऊ मुलांचं बरं होतं म्हणे. एका मूत्रपिंडावर माणूस म्हातारा होतो."

आधी औषधं देऊन गाठ लहान केली, मग मूत्रपिंडासकट ती काढली. पैलवानाची ढेरी गेली, तसा तो सगळ्यांना पोटावरची शिवण दाखवत हिंडायचा. "माझं आतलं काढलं, हिचं बाहेरचं," ठकीकडे बोट दाखवून तो म्हणायचा, आणि बाया डोळे पुसत हसायच्या. पण गाठ तपासायला गेली होती तिथून वाईट बातमी आली. तिच्यातल्या पेशी नेहमीच्या नव्हत्या. थोड्याच मुलांत असणाऱ्या, औषधाला दाद न देणाऱ्या जातीच्या होत्या. तीव्र औषधं झाली, पोटाला किरणांचे शेक झाले. काही महिन्यांनी फुप्फुसात डाग दिसले.

याच सुमारास ठकीला काचेचा डोळा बसला. नावाला काचेचा, खरा तर प्लास्टिकचा, पातळ वाटीसारखा. पहिल्यांदा तो घरी काढून धुवायची वेळ आली, तेव्हा तिच्या आईने दोनदा पापणीला बोट लावलं आणि मागे घेतलं. ठकी किंचाळत होती. भिंगवाला पुढे झाला, पण स्वतःचा डोळा काढणं वेगळं आणि लेकीचा काढणं वेगळं. त्यालाही जमेना. तेव्हा आजी आली. तिने कुणाला विचारलं नाही. हात धुतले, ठकीला मांडीवर घेतलं, खालची पापणी अंगठ्याने हलकेच ओढली. वाटी अलगद तिच्या तळहातावर आली. तिने ती कोमट पाण्यात धुतली, पुन्हा बसवली, आणि ठकी रडायचं विसरून आजीच्या बांगड्यांशी खेळायला लागली.

"वरची कड आधी सरकवायची," ती सुनेला म्हणाली. मान वर न करता.

भिंगवाला बराच वेळ तिच्या हातांकडे बघत होता. हेच हात कितीएक वर्षं रोज त्याच्या तोंडासमोर आले असतील. काठीची गोष्ट सांगत सांगत.

"आई," तो म्हणाला, "मी हिच्याएवढा होतो तेव्हाही असाच ओरडायचो?"

"तू चावायचास," आजी म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. त्याने माफ केलं नाही. पण तिच्या शेजारी बसला.

पैलवान गेला तेव्हा ठकीची औषधं नुकतीच संपली होती. इस्त्रीवाली ताई सामान न्यायला आली होती. तिने ठकीला उचलून घेतलं, गालाला गाल लावला.

"मी लवकर आणलं होतं हो," ती भिंगवाल्याला म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. एखादी वस्तू हरवल्यावर माणूस जागा तपासून बघतं, तशी ती बघत होती.

"हो ताई," तो म्हणाला. "तुम्ही वेळेवरच आणलं होतं." आपण उशिरा येऊन पोर घेऊन चाललोय आणि ही वेळेवर येऊन रिकाम्या हाताने, हा हिशोब तो घरापर्यंत मांडत राहिला.

पुढे रक्ताची तपासणी झाली. वारशाचा दोष त्याच्यात आणि ठकीत एकच निघाला. दुसरं मूल हवं असेल तर आधी येऊन भेटा, डॉक्टरबाई म्हणाल्या. याच दोषाने पुढे हाडातही गाठ होऊ शकते, म्हणून ठकीला मोठेपणी हाडांच्या दुखण्यावर लक्ष ठेवावं लागेल, आणि त्यालाही. डाव्या डोळ्यातल्या गाठी सुकल्या होत्या. एक नजरेच्या मध्याजवळ होती, त्यामुळे ठकीला लहान अक्षर कधी नीट दिसणार नव्हतं. पण ती चालत होती, धडपडत होती, दारं ओळखत होती.

डाव्या डोळ्यात नवी गाठ नाही ना, हे बघायच्या परवाच्या तपासणीला तो तिला गुंगीच्या खोलीच्या दारापर्यंत घेऊन गेला. नर्सने हात पुढे केले. ठकीने त्याची कॉलर सोडली नाही, एकेक बोट उकलावं लागलं. दार बंद झालं. बाकावर आजी आणि बायको बसल्या होत्या. मध्ये त्याच्यासाठी जागा होती. तो जाऊन बसला आणि आतून कुणी काय सांगतंय, याची वाट बघायला लागला.