कठीण प्रश्नाची जागा
हावेरीच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शैलजाने घटक चाचणीचा संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या धड्यावर किती गुणांचे आणि किती कठीण प्रश्न याचा आराखडा, पुरा केला. तीन धडे, वीस गुण. प्रश्नप्रकार आणि काठिण्य धरून उभ्या-आडव्या सगळ्या बेरजा जुळल्या. आता प्रश्न काढायचे, एवढ्यात शेजारच्या टेबलावरच्या गिरिजाबाईंनी तक्ता ओढून घेतला.

"कठीण म्हणून एकच प्रश्न, चार गुणांचा, आणि तो विजेच्या धड्यावर?"

"बेरीज बरोबर आहे ना, अक्का?"

"आहे की. पण तू तुझ्या आजारी अप्पांपाशी दवाखान्यात होतीस, तेव्हा तो धडा कोण शिकवत होतं?"

शैलजाला आठवलं, तेव्हा कुणीच शिकवत नव्हतं. परत आल्यावर तिने तो घाईघाईत उरकला होता.

"जीवनक्रियांच्या धड्यावर चार गुणांचा मध्यम प्रश्न आहे ना? मग तो कठीण कर आणि विजेचा मध्यम. एकही बेरीज हलायची नाही."

शैलजाने तसंच केलं. पेपर तपासताना विजेचा प्रश्न कोरा सोडलेलं कुणी निघालं नाही. दुसऱ्या दिवशी तिने गिरिजाबाईंपुढे डबा ठेवला. आत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी होती.

"लाच का गं ही?"

"नाही अक्का. पोरांच्या वतीने आणलंय."

गिरिजाबाईंनी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातावर ठेवली.