टकटक बंद कशी करायची

वहिनीने कीबोर्डच्या छोट्या पडद्यावरची भाषा बदलून जपानी केली आणि त्यावर पुन्हा कापड टाकलं. कार्यक्रमाला अजून अवकाश होता. सभागृहात नुसत्या खुर्च्या मांडणं चाललं होतं.

संगीताचा क्लास तिने आणि नवऱ्याने मिळून काढला होता. पहिला कीबोर्ड जुना घेतलेला, त्याची सगळी अक्षरं जपानी. कुठल्या ओळीवर आवाज निवडायचा, कुठल्या ओळीवर रेकॉर्डिंग, हे तिने जागेवरून आणि अक्षराच्या तोंडवळ्यावरून पाठ केलं. टकटक करत ताल धरणाऱ्या मेट्रोनोमच्या अक्षराला ती ‘खिडकीवाली’ म्हणायची आणि नवरा हसायचा. नंतरचा कीबोर्ड त्याच कंपनीचा, फक्त त्यात भाषा निवडता यायची.

नवरा गेला. धाकट्या दिराने क्लासच्या पाटीवर स्वतःचं नाव चढवलं. “वहिनी, मुलांना सरावाला एक धून रेकॉर्ड करून द्या ना,” म्हणाला. तिने दिली. गेल्या वर्षी याच सभागृहात त्याने तीच धून लावली आणि पट्ट्यांवरून वरच्यावर बोटं फिरवली. टाळ्या त्याने घेतल्या. ती तिसऱ्या रांगेत बसून बघत राहिली. वर्षभर तिला तेवढंच दिसत होतं.

आज कार्यक्रम सुरू झाला, भावजी कापड काढून बसले आणि पडद्यावरची जपानी अक्षरं बघून थबकले. ते नेहमी वाचून दाबत, जागा त्यांना ठाऊक नव्हत्या. एक बटण दाबलं तर पियानोचा ट्रम्पेट झाला. दुसरं दाबलं तर मेट्रोनोम सुरू झाला. टक, टक, टक, सगळ्या सभागृहभर.

“सर, तालात सुरू करा,” मागून कुणी पालक म्हणाला. हशा पिकला.

भावजींनी घाईने आणखी एक ओळ निवडली. पडद्याने काहीतरी विचारलं. त्यांनी ‘हो’ असेल असं धरून दाबलं. धून काही लागेना. वाट बघून शेवटी त्यांनी स्वतःच पट्टी दाबली, आणि मग थांबता येईना. चाचपडत, अडखळत, अर्ध्यावर सोडून उठले.

“यंत्र बिघडलंय. मी हे असं वाजवत नाही.”

“थांबा भावजी, मी बघते,” म्हणत वहिनी मंचावर आली. तिने रेकॉर्डिंग थांबवलं, खिडकीवालीवर जाऊन टकटक बंद केली आणि नुकतंच रेकॉर्ड झालेलं लावलं.

कीबोर्डला कुणाचा हात नव्हता आणि भावजींचं वाजवणं सुरू झालं. टकटक रेकॉर्डमध्ये उतरत नाही, त्यामुळे आता चूक अन् चूक स्वच्छ ऐकू येत होती.

“हे आपोआप वाजतं?” पहिल्या रांगेतल्या मुलीने विचारलं. “मग मागच्या वर्षी...”

“मागच्या वर्षीची धून माझी होती गं. आता सरांनी तिच्यावरच रेकॉर्ड केलं, ती पुसली गेली.”

भावजी जवळ येऊन पुटपुटले, “वहिनी, घरातली गोष्ट घरात ठेवायची होतीत. निदान पडद्यावरची भाषा तरी पूर्वीसारखी करा.”

“कशाला? मला वाचता येतं की.”

पियानोचा आवाज निवडून ती बसली. धून तिच्या बोटांत होतीच. भावजींना मात्र खुर्च्यांच्या दाटीतून बाहेर जायला रस्ता सापडेना, म्हणून ते तिसऱ्या रांगेत रिकाम्या खुर्चीवर बसले. तिने मुद्दाम सावकाश वाजवलं.