बुलेटिनमधला शनिवार

सोसायटीचं मासिक व्हिडिओ बुलेटिन म्हणजे संपादकांचं शेंडेफळ. संपादक ही पदवी सोसायटीनेच बहाल केलेली. वर्तमानपत्रात त्यांची सगळी हयात उपसंपादक म्हणून गेली होती, पण निवृत्तीनंतर फुकटात बढती मिळत असेल तर नको कोण म्हणेल? त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून ती सगळ्यांची 'बाई'. अगदी संपादकांचीसुद्धा.

स्क्रिप्ट ते लिहायचे आणि बाई वाचायच्या. पानाचे उभे दोन भाग. डावीकडे चित्र, उजवीकडे आवाज. आधी ठळक बातम्या, मग पाणी-वीज-लिफ्ट, मग नवे शेजारी, मग अभिनंदन, आणि शेवटी पुढच्या महिन्याच्या सूचना. एका सदरातून दुसऱ्यात जाताना बाई पडद्यावर येऊन दोन-तीन वाक्यं बोलायच्या, ती लिंक. तारीख, वेळ, कुठली इमारत हा तपशील मात्र सूचनेच्या पाटीवर. पाटी पडद्यावर किती वेळ राहावी, याचा संपादकांचा नियम ठरलेला होता: स्वतः दोनदा सावकाश वाचायची आणि मगच काढायची. आणि वार मात्र बाईंनी तोंडानेही सांगायचा, कारण अर्धी सोसायटी बुलेटिन बघत नाही, स्वयंपाक करता करता ऐकते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शाळेत वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. लिफ्ट बंद राहणार हेसुद्धा बाईंनी सांगितलं की लोकांना रागावण्याऐवजी जिन्याने जावंसं वाटायचं.

मग बाईंच्या मेंदूत एक बारीकशी गुठळी झाली. हातपाय वाचले, समज शाबूत राहिली. गेले ते शब्द. गेले म्हणजे कायमचे नव्हे, अडून बसायला लागले. समोर कागदावर शब्द दिसायचा, त्याचा अर्थ कळायचा, पण तोंडापर्यंत यायचा नाही. त्याचा पत्ता कधी लागायचा, कधी नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलू द्या, जितकं बोलतील तितकं बरं. बाईंनी लगेच विचारलं, "बुले... बुलेटिन?" आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम.

तेव्हापासून संपादकांच्या मनाने जे घेतलं, त्याला प्रेम म्हणावं की भित्रेपणा, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. आधी त्यांनी वाक्यं लहान केली. मग लिंकमधला मजकूर हळूहळू पाट्यांवर हलवला. सोसायटी खूष. बुलेटिन कसं आटोपशीर झालंय! आणि त्यातूनही एखादी लिंक अडलीच, तर ते बाईंना "छान आली" म्हणायचे आणि बाई आडव्या झाल्या की जुन्या बुलेटिनमधली तशीच लिंक काढून तिथे चिकटवायचे. लिफ्टची देखभाल, टाकीची सफाई, कचऱ्याचे डबे, या गोष्टी फिरून फिरून त्याच. वाचताना बाई कायम तोच करडा कोट घालायच्या, मागे तेच पुस्तकांचं कपाट. जोड कुणाच्या लक्षात येण्याचं कारणच नव्हतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लोक लिहायचे, 'बाई अगदी पहिल्यासारख्या!' संपादक तो मजकूर बाईंना मोठ्याने वाचून दाखवायचे. आजारानंतर बाई स्वतःला पडद्यावर बघत नसत, त्यामुळे सगळं बिनबोभाट चाललं होतं.

त्या महिन्यात टाकी सफाई होती. वरच्या टाक्या रिकाम्या करायच्या, तळाचा गाळ काढायचा, घासून धुवायच्या, जंतुनाशक फिरवायचं, पुन्हा धुऊन भरायच्या. म्हणजे दिवसभर नळ कोरडे. बाई 'टाकी'वर दोनदा अडल्या. संपादकांनी नेहमीप्रमाणे "छान आली" म्हटलं आणि दुपारी मागच्या सफाईची लिंक काढून बसवली. बाई पलीकडच्या खोलीत पडल्या होत्या. आपला जुना, खणखणीत आवाज त्यांच्या कानावर पडू नये म्हणून संपादक हे काम कायम आवाज बंद ठेवून करायचे. ओठांची हालचाल बघितली, कोट बघितला, चष्मा बघितला. पाटी स्वतः केली: टाकी सफाई, शनिवार, सकाळी नऊ ते सायंकाळी पाच, दोन्ही इमारती. दोनदा सावकाश वाचली. बिनचूक होती.

मागची सफाई रविवारी झाली होती.

शनिवारी सकाळी दोन्ही इमारतींत एकच हलकल्लोळ उडाला. कुणी अंगाला साबण लावून उभं, कुणाची भांडी ओट्यावर पसरलेली, कुणाचं कपडे धुण्याचं यंत्र अर्ध्यात थांबलेलं. तळमजल्यावरच्या काकू रिकामी बादली हातात घेऊनच वर आल्या. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, त्यामुळे त्यांचा पारा चढला होता तो काही उगाच नव्हे.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना हो रविवार? मी माझ्या कानांनी ऐकलं. आता मी त्यांचं कसं करू?"

बाई दारात उभ्या राहिल्या. "मी... रविवार म्हटलं?"

"हो तर! चांगलं ठणकावून!"

संपादक पटकन पुढे झाले, पिण्याच्या पाण्याचा घरातला मोठा हंडा उचलला आणि काकूंच्या मागोमाग खाली गेले. तिथे लगेच खरं सांगता आलं असतं. "होतं असं कधीकधी," एवढंच ते बोलले, आणि जिना चढून वर येताना त्या वाक्याची त्यांना शिसारी आली.

वर येऊन बघतात तर बाई खुर्चीत बसल्या होत्या, करडा कोट मांडीवर घडी घालून.

"शब्द अडतो, ते... ठीक," बाई म्हणाल्या. एकेक शब्द तोलून येत होता. "पण मला वाटतं एक, आणि तोंड म्हणतं भलतंच, हे... मला कळलंसुद्धा नाही. मग मी कशावर... विश्वास ठेवू? उद्या गॅस बंद केला म्हणेन. केला असेल का?"

"अगं, एवढं काही—"

"मी नाही वाचणार आता. सेक्रेटरींना सांगा."

सेक्रेटरी विमा कंपनीत होते. लोकांना वाईट बातमी गोडीत सांगायचा त्यांना सराव होता. फोनवर ते म्हणाले, "बाईंना म्हणावं, आता आराम करा. पुढच्या महिन्यापासून दुसरं कुणीतरी बघू. त्यांचा सत्कारही करू की."

म्हणजे गप्प बसलं की झालं होतं. कुणाला संशय नव्हता, सत्कारसुद्धा ठरला होता. समोर बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या होत्या, आणि ते हातही आता आपलं ऐकतील की नाही याची त्यांना शंका येते आहे, हे संपादकांना स्पष्ट दिसत होतं. आजाराने जे केलं नव्हतं, ते त्यांनी करून ठेवलं होतं. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी मोबाइल आणला. बुलेटिन नव्हे, त्याच्या आधीचं, न कापलेलं चित्रण काढलं, आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाइल बाईंच्या हातात दिला.

पडद्यावर बाई म्हणत होत्या, "येत्या शनिवारी आपली..." मग शांतता. ओठ हलले, थांबले. "येत्या शनिवारी आपली टा..." पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर केली, कॅमेऱ्याकडे थेट बघितलं आणि म्हटलं, "शनिवारी. शनिवारी पाणी नाही. भरून ठेवा."

बाईंनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा.

"मग रविवार कुणी म्हटलं?"

"तूच. मागच्या खेपेला. आजाराच्या आधी. मी ते काढून इथे लावलं."

"का?"

"तुझं अडलेलं लोकांनी बघू नये म्हणून."

"लोकांनी?" बाई म्हणाल्या. मग बराच वेळ काहीच नाही. शब्द अडला होता की राग, हे संपादकांना कळेना, आणि विचारायची छाती होईना. "याआधी... कितीदा?"

त्यांनी सांगितलं. ग्रुपवरचं 'पहिल्यासारख्या' कुणासाठी लिहिलेलं होतं, तेही सांगितलं. बाई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ कोरडा होता, तरी त्यांनी तो सोडून बघितला. संध्याकाळपर्यंत त्या नवऱ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

पाणी आलं तशा त्या बाहेर आल्या. कोट घातलेला होता.

"लिहा," त्या म्हणाल्या. "सदर, दुरुस्ती."

संपादक मुकाट्याने बसले. पानाचे दोन भाग केले. उजव्या बाजूला सवयीने लिहिलं, 'काही तांत्रिक कारणाने'. बाईंनी डोकावून बघितलं.

"तंत्राने काय घोडं मारलंय तुमचं? खोडा."

त्यांनी खोडलं. मग बाईंनी सांगितलं तसं लिहीत गेले, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दुसऱ्याच्या मजकुरात स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. पाटी एकच ठेवली: दुरुस्ती, टाकी सफाई शनिवारी झाली, लिंक जुनी वापरली गेली, चूक संपादकाची. शेवटचे दोन शब्द त्यांनी आपणहून घातले. बाईंनी ते वाचले आणि राहू दिले.

चित्रण एकाच दमात केलं. पंखा बंद, पडदा ओढलेला. मध्ये एका ठिकाणी बाई अडल्या. संपादकांना तो शब्द ठाऊक होता, त्यांच्या हातातल्या कागदावर तो होता. जीभ टाळ्याला लावून ते उभे राहिले. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या, कॅमेऱ्यातून लोकांकडे बघत होत्या.

रिवाजाप्रमाणे व्हिडिओ आधी सेक्रेटरींकडे गेला. त्यांनी होकार दिला की ग्रुपवर. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. मागे त्यांच्या घरच्या मोठ्या पडद्यावर बाईंचा आवाज चालू होता.

"संपादक, बघतोय आत्ता. साधं सरळ आहे, आवडलं मला. फक्त मध्ये... अं, हा बघा, इथे अडकतोय. चित्र थिजलंय. पुन्हा पाठवता का?"

"थिजलेलं नाही," संपादक म्हणाले. "पापण्या बघा."

"अरे हो. मग आवाज का बंद पडलाय?"

"बंद पडलेला नाही. ती शोधते आहे. थांबा ना जरा."

सेक्रेटरी थांबले. फोनच्या पलीकडे कुणीतरी भांडं ठेवलं, कुणीतरी "शू" केलं. संपादक फोन कानाला घट्ट लावून उभे होते. हा शब्द येतो, हे त्यांना माहीत असूनही.

मग लांबून, सेक्रेटरींच्या घरातून, बाईंचा आवाज आला. "मला बोलायला आता... वेळ लागतो. पण वार मी बरोबर सांगते."

"आला," सेक्रेटरी हळूच म्हणाले, जणू त्यांच्याच घशातला शब्द सुटला होता. मग खाकरून म्हणाले, "असाच टाका. काही कापू नका."