चौदा जणांचा संघ

छोटी एकोणचाळीस वर्षांची होती, पण घरात तिचं नाव छोटीच. बारा वर्षं ती इटालियनमधून मराठीत भाषांतरं करत होती आणि तिने केलेलं एकेक पान हजारो लोकांच्या घरात पोचलं होतं. फक्त ते कोणी वाचत नसे. कपडे धुण्याची यंत्रं, कॉफीची यंत्रं, एकदा तर गवत कापायचं यंत्र. 'प्रथम मुख्य स्विच बंद करा' हे वाक्य तिने इतक्या वेळा लिहिलं होतं की ते तिला झोपेतही आलं असतं. माहितीपुस्तिकेवर कंपनीचं नाव असतं, कारखान्याचा पत्ता असतो, भाषांतर करणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आणि छोटीला, खरं सांगायचं तर, आपलं नाव छापून आलेलं बघायचं होतं. ही इच्छा तिने कोणाला सांगितली नव्हती, कारण ती जरा पोरकट आहे असं तिला वाटायचं.

म्हणून एका खेळाच्या दैनिकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ती उभ्या उभ्या नाचली. इटालियन वर्तमानपत्रातले सामन्यांचे वृत्तान्त दर सोमवारी मराठीत छापायचे, अनुवादकाच्या नावासकट. त्याआधी नमुना म्हणून एक वृत्तान्त करून द्यायचा, शुक्रवारी पाचच्या आत.

"फुटबॉल कळतो ना तुम्हाला?" संपादकांनी विचारलं.

"म्हणजे काय," छोटी म्हणाली, आणि ते वाक्य होकारार्थी आहे की प्रश्नार्थक, हे तिने मुद्दाम गुलदस्त्यात ठेवलं.

फुटबॉल तिला काडीचा कळत नव्हता. गंमत अशी की तो ज्यांना कळत होता त्या पलीकडच्याच खोलीत बसल्या होत्या. छोटीची आई तीस वर्षं शाळेत खेळाच्या बाई होती. मुली तिला पाठीमागे शिट्टीबाई म्हणत. तिने शाळेत मुलींचा फुटबॉल संघ उभा केला होता, आणि स्वतःच्या मुलीला खेळाच्या तासाला शंभरात पस्तीस गुण दिले होते. 'काठावर पास केलंय, तेही आई म्हणून,' असं तिने भर वर्गात सांगितलं होतं. छोटी ते विसरली नव्हती. म्हणून या कामाचा तिने आईला पत्ता लागू दिला नाही.

शुक्रवारी दुपारी दोनला तिचा मसुदा तयार होता आणि तिला तो मुळीच आवडत नव्हता. 'रेजिस्ता'चं तिने 'दिग्दर्शक' केलं होतं, तेव्हा मैदानात कोणी तरी कॅमेरा घेऊन उभा आहे असं वाटत होतं. 'गोलरक्षकाने शटर खाली ओढले' या वाक्यापुढे तिने प्रश्नचिन्ह टाकलं होतं. एका जागी आघाडीच्या खेळाडूने 'गोल खाल्ला' होता. शेवटी कोणी तरी 'चमचा केला' होता आणि त्यावर सामना जिंकला होता. तिने डोक्याला हात लावला.

"शटर ओढलं म्हणजे एकही गोल जाऊ दिला नाही," मागून आवाज आला. आई चष्मा नाकावर ओढून पडद्यावरचं वाचत होती. किती वेळ, कोणास ठाऊक.

"आई, हे माझं काम आहे."

"मी कुठे म्हणतेय माझं आहे. पण आघाडीचा खेळाडू गोल कसा खाईल? गोल खातो तो गोलरक्षक."

"इटालियनमध्ये खाल्ला असंच आहे. त्याच्यासमोर जाळं मोकळं होतं आणि त्याने चेंडू बाहेर मारला."

"मग घालवला म्हण. हातातला गोल घालवला. सोपं तर आहे." आई खुर्ची ओढून बसली. "दिग्दर्शक कुठे उभा आहे?"

"बचावाच्या पुढे, मधोमध. सगळे पास त्याच्यापासून निघतात, खेळाचा वेग कमी करायचा की वाढवायचा हे तो ठरवतो."

"सूत्रधार," आई म्हणाली.

छोटीने तो शब्द टंकला आणि मैदानातला कॅमेरा नाहीसा झाला. तिला इतकं बरं वाटलं की आईला बाहेर घालवायचं ती विसरूनच गेली.

पुढचा 'त्रेक्वार्तिस्ता' होता. मैदानाचा तीन चतुर्थांश भाग ओलांडला की जिथे पोचतो तिथला खेळाडू. मधल्या फळीच्या पुढे, आघाडीच्या मागे. छोटीने त्याला 'तीन-चतुर्थांश-खेळाडू' केलं होतं.

"म्हणजे पाऊण," आई म्हणाली. "पाऊणकर."

"आई, हे आडनाव वाटतं."

"वाटू दे की. पाऊणकर आले, पाऊणकरांनी चेंडू घेतला. घरातलाच माणूस वाटतो."

दोघी हसायला लागल्या. हसणं थांबेना. छोटीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि घड्याळात तीन वाजले तेव्हा कुठे ती भानावर आली. उरला होता शेवटचा परिच्छेद, विजयी गोलाचा, आणि संपादकांनी बजावलं होतं की तोच मी आधी वाचणार.

तिने आपलं भाषांतर मोठ्याने वाचलं: सूत्रधाराने लांब चेंडू टाकला. तो पाऊणकरांनी छातीवर घेतला. मग त्यांनी तो कर्णधाराला दिला. कर्णधाराने टाचेने वळवून एकाला चकवलं, मग चेंडू एकतीस वर्षांच्या खेळाडूकडे गेला. त्याने बचावपटूच्या दोन पायांतला बोगदा शोधला. मग दहा क्रमांकाच्या खेळाडूने चमचा केला.

"थांब," आई म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."

ती उठली आणि शिवणाचा डबा घेऊन आली. शाळेतही ती टेबलावर बटणं मांडून डाव शिकवायची. पांढरी बटणं आपली, काळी त्यांची, दोन कपांमध्ये गोल, आणि चेंडू म्हणून एक लाल मणी. "कशी मांडणी दिलीय?"

"चार, तीन, एक, दोन."

चार मागे, तीन मध्ये, एक पाऊणकर, दोन आघाडीला, आणि गोलरक्षक. अकरा पांढरी बटणं बसली. "आघाडीचे दोघे कुठे आहेत?"

"डावीकडे पळालेत, बचावपटूंना ओढून नेलंय."

"मधले तिघे?"

"मागे. तिथूनच तर पास आला."

"मग कर्णधार कोण?" आईने डब्यातून एक जादा पांढरं बटण काढून पाऊणकरांशेजारी ठेवलं. "हा एकतीस वर्षांचा कुठून उगवला?" आणखी एक बटण. "आणि हा दहा नंबरवाला?" तिसरं. तिने टेबल मोजलं. "चौदा. छोटे, तुझा संघ चौदा जणांचा आहे. पंचांनी सामना कधीच थांबवला असता."

छोटीने बटणं पुन्हा मोजली. एवढा वेळ ती शब्दांशी झोंबत होती, आणि इथे माणसंच जास्त झाली होती.

"पास कुठे आहेत?" आईने विचारलं. "इटालियन वाच. कोणी कोणाला दिला?"

छोटीने मूळ परिच्छेद उघडला, बोट ठेवून वाचला, पुन्हा वाचला. पास एकच होता, सूत्रधाराचा. पुढचे दोन पास तिने स्वतः घातले होते. बारा वर्षांची सवय. माहितीपुस्तिकेत एक पायरी संपली की 'मग' लिहायचं आणि पुढच्या पायरीला कर्ता द्यायचा, नाही तर ग्राहकाचा गोंधळ होतो. इथे तिने वार्ताहराचा गोंधळ निस्तरून दिला होता, जो त्याने केलाच नव्हता.

आणि मग तिला तिच्या इटालियनच्या मास्तरांची लाल रेघ आठवली. निबंधात एकच शब्द लागोपाठ दोनदा आला की मास्तर तो खोडायचे. इटलीत लहानपणापासून हेच शिकवतात. तेच नाव पुन्हा घेतलं तर लिहिणाऱ्याकडे शब्द नाहीत असं समजतात.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे सगळे एकच आहेत. आडनाव एकदा घेतलं की तो वार्ताहर ते परत घेत नाही. आधी जागा सांगतो, मग हुद्दा, मग वय, मग नंबर. माणूस तोच."

"खाली बारीक अक्षरात काय आहे?"

"संघांची यादी आणि प्रत्येकाचे गुण. ते मला करायचं नव्हतं म्हणून मी वाचलंच नाही."

दोघींनी वाचलं. दहा क्रमांकापुढे त्या पाऊणकर खेळाडूचंच इटालियन आडनाव होतं, कंसात 'कर्णधार', आणि शेरा होता: एकतिसाव्या वर्षीही मुलासारखा खेळला. आईने तिन्ही जादा बटणं उचलून डब्यात टाकली. मग लाल मणी एकाच बटणाशी धरून तिने ते हळूहळू सरकवलं. छातीवर घेतला. टाचेने वळवला. काळ्या बटणाच्या, म्हणजे बचावपटूच्या, पायांमधून काढला. गोलरक्षक पुढे धावत आला आणि त्याच्या डोक्यावरून मणी अलगद उचलून कपांच्या मध्ये टाकला. एकटा. सगळं एकट्याने. छोटीने आयुष्यात पहिल्यांदा गोल पाहिला आणि तिच्या अंगावर काटा आला.

"किती गुण दिलेत त्याला?" आईने विचारलं.

"दहापैकी आठ."

"एवढं करून आठच?"

"तिथे सहा म्हणजे पास. सात मिळाले तर माणूस कात्रण जपून ठेवतो. आठ क्वचित देतात."

"शहाणे लोक आहेत," आई म्हणाली.

छोटीने परिच्छेद पुन्हा लिहिला. एकही 'मग' ठेवला नाही. पाऊणकरांना एका श्वासात पळू दिलं. वय आणि कर्णधारपद त्यांना पहिल्याच वाक्यात चिकटवून टाकलं, आणि चमचा काढून 'चमच्याने उचलावा तसा चेंडू उचलला' असं केलं. पाचला सात मिनिटं असताना तिने मजकूर पाठवला. मग दोघी फोनकडे बघत बसल्या. आईने दूरदर्शन लावलं होतं, पण आवाज बंद ठेवला होता.

सव्वापाचला फोन वाजला. "शेवटचा गोल वाचताना मी खुर्चीतून उठलो," संपादक म्हणाले. "नमुना कसला, सोमवारी हाच छापतो. हे पाऊणकर कुठून काढलेत हो?"

"घरातूनच," छोटी म्हणाली.

सोमवारी अंक आला. वृत्तान्ताच्या वर, ठळक अक्षरात, तिचं नाव होतं. तिने ते तीन वेळा वाचलं आणि पान आईपुढे सरकवून ती निर्विकार चेहऱ्याने चहा टाकायला गेली. परत आली तेव्हा आई नव्हती, पान टेबलावर होतं. नावाशेजारी पेन्सिलीने, शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या त्याच तिरक्या अक्षरात लिहिलं होतं:

'साडेसात. पूर्वार्धात चौदा माणसं मैदानात उतरवली. उत्तरार्धात एकटीने सामना खेचून आणला.'

छोटीने कात्री शोधली.