तीन बटांची परीक्षा

पूर्णिमाच्या राजारामपुरीतल्या सलूनमध्ये आरशाशेजारी एक पोस्टर होतं: ‘ब्लीच करा, निर्धास्त. तुटलेले बंध पुन्हा जोडले जातात.’ कंपनीचा माणूस ते चिकटवून गेला होता. त्यातला ‘निर्धास्त’ हा शब्द मात्र पूर्णिमानं सुचवलेला. शाळेत तिच्या निबंधाला नेहमी चांगले मार्क पडायचे.

शुक्रवारी सकाळी त्या पोस्टरखालच्या खुर्चीत ऐश्वर्या बसली होती. रविवारी तिचा साखरपुडा. शेजारी तिची आई, म्हणजे अरुणाकाकू. रविवारी ऐश्वर्यासकट घरच्या चौदा जणींची तयारी पूर्णिमाकडंच ठरली होती, आणि काकूंच्या एका शब्दावर गुजरीपासून जयसिंगपूरपर्यंतच्या जैन घरांतल्या बायका सलून बदलत, हे पूर्णिमाला माहीत होतं.

“हा नारिंगीपणा घालवायचा,” ऐश्वर्या केसांत बोटं घालत म्हणाली. “राखाडी छटा पायजे. साडी चंदेरी हाय.”

सहा आठवड्यांपूर्वी पूर्णिमानंच तिचे केस ब्लीच केले होते. मग ऐश्वर्यानं घरी डब्यातला एक रंग लावून पाहिला, तो आवडला नाही म्हणून दुसरा लावला. आता राखाडी हवा म्हणजे पुन्हा ब्लीच.

पूर्णिमानं केस ओले केले आणि एक केस दोन बोटांत धरून ओढला. चांगला केस ताणतो आणि परत जागेवर येतो. हा ताणला आणि तसाच लोंबत राहिला, चघळून टाकलेल्या च्युइंगमसारखा. तिनं तो हळूच टॉवेलला पुसला.

“आणखी ब्लीच सोसंल असं वाटत न्हाई,” ती म्हणाली.

“का सोसणार न्हाई?” ऐश्वर्यानं पर्समधून एक ट्यूब काढली. “महिनाभर हे लावतेय. बॉन्ड रिपेअर. सगळे बॉन्ड नवे झाले असणार.”

“घरच्या ट्यूबला काय दम असतोय गं,” काकू म्हणाल्या. “पूर्णिमाकडं सलूनची बाटली हाय. ती ब्लीचमध्येच मिसळत्यात. व्हय की न्हाई गं? तूच सांगितलंवतंस.”

सांगितलं होतं. पूर्णिमानं पोस्टरकडं न बघण्याचा प्रयत्न केला. पण समोरच्या भिंतीवरच्या आरशात ते उलटं दिसत होतं आणि उलटंसुद्धा वाचता येत होतं.

पूर्णिमा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाली होती. त्या पदवीचा उपयोग आजवर फक्त लग्न जमवताना झाला होता. आज पहिल्यांदाच ती धंद्यात कामी आली. “केसाच्या आत गंधकाचे बारीक पूल असतात,” ती म्हणाली. “त्यांच्यावर केसाची ताकद असती. ब्लीच ते पूल तोडतंय. कंपनी म्हणती, आमचा रेणू दोन्ही तुटक्या टोकांना धरतोय. पण ब्लीचनं काही टोकं अशी बिघडतात की ती पुन्हा धरताच येत न्हाईत. आणि केस मऊ लागतो तो बऱ्यापैकी औषधातल्या आम्लामुळं आणि कंडिशनरमुळं, असं कंपनीबाहेरच्या काही तपासण्या सांगतात. केस मेलेला असतो, काकू. जखम भरावी तसा तो भरत न्हाई.”

“मग ट्यूब आणि बाटलीत फरक काय?” ऐश्वर्यानं विचारलं.

“ट्यूब पण ह्याच कंपनीची, औषध दोन्हीत तेच. ट्यूबमधलं सौम्य. बाटलीतलं तीव्र, आणि पूल तुटत असतानाच जवळ असतंय. एवढाच बाटलीचा फायदा.”

“मग बाटलीच घाल की,” काकूंनी घड्याळ पाहिलं. “माझी सून वारणानगरहून दुपारी येणार हाय.”

पूर्णिमानं कात्री उचलली. “आधी बट बघायची. तीन बारीक बटा, आतल्या बाजूच्या. दिसणार न्हाईत.”

काकूंच्या कपाळाला आठी पडली. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी मुलीच्या डोक्याला कात्री. पण ऐश्वर्यानं मान वाकवली होती.

जास्त खराब झालेल्या मधल्या भागातून पूर्णिमानं तीन बटा कापल्या आणि टोकांना दोरा बांधला. पहिलीला ट्यूब लावून, वेळ भरल्यावर धुऊन वाळवली, मग ब्लीच. दुसरीच्या ब्लीचमध्येच बाटलीतलं औषध. तिसरीला नुसतं ब्लीच. तिन्ही फॉइलमध्ये गुंडाळून काचेवर ठेवल्या. वर चिकटपट्टीवर एक, दोन, तीन.

तिघी फॉइलकडं बघत बसल्या. बाहेर कुणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा हॉर्न देवीचं गाणं वाजवत गल्लीभर फिरला. दर पाच मिनिटांनी पूर्णिमा फॉइल उघडून पाही आणि पुन्हा मिटे. काकू तिच्या चेहऱ्याकडं बघत. सोनार दागिना कसाला लावतो तेव्हा गिऱ्हाईक बघतं तशा.

पंचवीस मिनिटांनी पूर्णिमानं बटा धुतल्या. तिन्ही फिकट पिवळ्या झाल्या होत्या. रंग अगदी हवा तसा. ऐश्वर्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. काकूंनी जिंकल्यासारखा श्वास सोडला.

पूर्णिमानं तिसरी बट ओढली. ती पहिल्याच झटक्यात तुटली.

पहिली, ट्यूबवाली, दोन झटके टिकली. तिसऱ्याला गेली.

दुसरी, बाटलीवाली, तीन झटके टिकली. चौथ्याला तिचा अर्धा भाग पूर्णिमाच्या बोटात राहिला.

“बघ,” काकू म्हणाल्या. “सलूनचंच भारी.”

“एका झटक्यानं, काकू,” पूर्णिमा म्हणाली. “ते पण एकदाच बघितलं. उद्या उलट होईल. पण तिन्ही तुटल्या की न्हाई? रविवारी हार घालताना दहा जण डोक्याला हात लावणार. अंबाडा घालायला पिना खोचायच्यात. माझ्याच्यानं हे ब्लीच व्हायचं न्हाई.”

“मग आमी दुसरीकडं जातो. चौदाच्या चौदा जणी.”

पूर्णिमा हातातली अर्धी बट उगाच बोटाला गुंडाळत राहिली.

“मागच्या वेळी,” ऐश्वर्यानं आरशातून विचारलं, “ब्लीच करताना बट बघितली होती का, ताई?”

काकूही थांबल्या. पूर्णिमाला चटकन ‘व्हय’ म्हणता आलं असतं. तीन बटांचा पुरावा समोर होताच, चौथी कोण मागतंय.

“न्हाई,” ती म्हणाली. “बाटली घातली, आणि बाटली हाय म्हणून बट बघितली न्हाई.”

अरुणाकाकू उठल्या. पर्स उचलली. “आता कळलं, केस कुणामुळं गेले ते,” त्या म्हणाल्या. “चल गं.”

ऐश्वर्या उठली नाही. तिनं काचेवरची तुटकी बट उचलली, दोन बोटांत धरून स्वतः ओढली, आणि पुन्हा तुटलेलं टोक बघत राहिली.

“आई, दुसरीकडं पण डोकं माझंच असणार हाय,” ती म्हणाली. “ताई, काय करता येईल?”

“उजळायचं न्हाई, उलट गडद रंग चढवायचा. आधी तांबूस, त्यावर तपकिरी. एकदम तपकिरी लावला तर हिरवट दिसंल. तोही आधी बटेवर बघू. लवकर उतरंल, पण रविवार निघंल. आणि खालून चार बोटं कापायला लागतील.”

“चार?”

“चार. तुटकी टोकं मला जोडून देता येत न्हाईत.”

दोन तास लागले. काकू पूर्ण वेळ फोनवर होत्या, आणि आवाज खाली ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. उठताना ऐश्वर्याचे केस गडद, खांद्यापर्यंत आणि साधे दिसत होते. तिनं ते एकदा पुढं घेतले, मागं टाकले, आणि ट्यूब परत पर्समध्ये ठेवली.

“लावू का पुढं?”

“लाव. मऊ राहतील. तेवढंच समजून लाव.”

दारात काकू थांबल्या. “तेरा जणींचं मी दुसरीकडं बघितलंय. हिचं तू कर. रविवारी सातला.”

“व्हय, काकू.”

दार बंद झाल्यावर पूर्णिमानं ब्लेडनं पोस्टरवरचा ‘निर्धास्त’ खरवडून काढला. मागं सरून पाहिलं. उरलं होतं, ‘ब्लीच करा. तुटलेले बंध पुन्हा जोडले जातात.’ ते जास्तच वाईट दिसत होतं. तिनं सगळं पोस्टर उतरवलं आणि तिथं चिकटपट्टीनं तीन तुटक्या बटा लावल्या. एक, दोन, तीन, आकड्यांसकट.