शेवटचा शब्द

उदयसिंहसाहेबांनी गुणपत्रिकेवर शिवानी बिराजदारच्या नावापुढे भोपळा काढला, त्याखाली 'तपासणी न करता माल सोडते' असं लिहिलं आणि कागद उत्कर्षाकडे सरकवला.

"करा सही."

उत्कर्षाच्या अंगाची लाही झाली. टॉवेलच्या या कारखान्यात माणसं नेमायचं काम तिचं होतं, आणि निवडीवर तिची व प्रॉडक्शन मॅनेजर उदयसिंहसाहेबांची अशा दोन सह्या लागायच्या. क्वालिटी इन्चार्जच्या जागेसाठी नऊ जणांशी बोलून झालं होतं. त्यातली कामाची वाटलेली एकच, अक्कलकोटची शिवानी. आणि नेमकं तिच्याच मुलाखतीत इंटरनेटनं मान टाकली. एकदा नव्हे, तीनदा.

"साहेब, तिचं उत्तर अर्धंच ऐकू आलंय. 'तपासणी झाल्याशिवाय मी माल पुढे जाऊ दिला' एवढं आलं, आणि लाइन गेली."

"मग झालं की! जाऊ दिला म्हणाली. सोताच्या तोंडानं."

"पुढे 'नाही' असेल."

"असंल, नसंल. मी कानानं ऐकलं त्येवर मार्क देतो. आन् जिला धड नेट लावता येत न्हाय, ती काय क्वालिटी सांभाळणार?"

नेट तिचं नव्हतं, आपलं होतं. कोपऱ्यातल्या राउटरचे दिवे विझताना उत्कर्षानं तिन्ही वेळा पाहिले होते. पण साहेबांना दिवे दाखवून काय उपयोग? सहा वर्षं या माणसानं प्रत्येक क्वालिटीवाल्याला तीन महिन्यांत पळवून लावलं होतं. जहाज गाठायचं म्हणून हा तपासणीआधीच माल रेटायचा आणि परदेशातून तक्रार आली की खापर क्वालिटीच्या डोक्यावर. ही जागा पुन्हा कुणा होयबाच्या घशात जाणार, हे तिला लख्ख दिसत होतं.

"सही करणार नाही," ती म्हणाली आणि जागेवर येऊन मेल लिहायला बसली.

'शिवानी बिराजदार यांस,

आज सकाळच्या व्हिडिओ मुलाखतीत आमच्याकडील इंटरनेट तीन वेळा बंद पडले. त्यामुळे शेवटच्या दोन प्रश्नांची तुमची उत्तरे आम्हाला पूर्ण ऐकू आली नाहीत. याबद्दल दिलगीर आहोत. उद्या सकाळी अकरा किंवा दुपारी चार वाजता, फक्त त्याच दोन प्रश्नांवर, पंधरा मिनिटे पुन्हा बोलता येईल का? सोयीची वेळ कळवावी. आजच्या व्यत्ययाचा तुमच्या निवडीवर परिणाम होणार नाही. लाइन पुन्हा तुटल्यास आम्हीच फोन करू.'

साहेब मागे येऊन उभे राहिले होते.

"आमच्याकडील? खोडा ते. तुमच्याकडील लिहा."

"खोटं लिहू?"

"कंपनीनं एका पोरीची माफी मागायची? मला इचारलंत?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतात," उत्कर्षा म्हणाली आणि तिनं मेल पाठवून दिला.

त्या दिवशी साहेब तिच्याशी बोलले नाहीत. शिपायामार्फत मात्र दोनदा विचारून झालं, मॅडम राजीनामा कधी देणार.

शिवानीनं अकराची वेळ घेतली. उत्कर्षानं लॅपटॉपला आपल्या मोबाइलचं नेट जोडलं. साहेब खुर्चीत असे बसले होते की जणू दात काढायला आणलंय. पहिला प्रश्न त्यांनीच विचारला, तोही गुरगुरत.

"मागच्या कंपनीत तपासणीशिवाय माल सोडलात का?"

"नाही सर. काल तेच सांगत होते," शिवानी म्हणाली. "मॅनेजरनं गाडी लावून ठेवली होती. टॉवेलचा रंग उतरत होता. तपासणी झाल्याशिवाय मी माल पुढे जाऊ दिला नाही. त्यावरून भांडण झालं आणि मी नोकरी सोडली."

तेवढ्यात तिचं चित्र गेलं. पडदा काळा झाला, वर नुसतं नाव उरलं.

"गेली परत!" साहेब हसले. चेहरा एकदम मोकळा झाला. "आता सांगतो मॅडम, ऐका. कालच ऐकलं होतं मी. लाइन जायच्या आधी 'नाही' म्हणली होती ती, सपष्ट. तुमी दिवं बगत होता, मी ऐकत होतो. म्हणून तर भोपळा दिला. असली गाडी अडवणारी बाई मला हितं नको. काय करायचं ते करा."

उत्कर्षाला चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली. ज्याला ऐकू आलं नाही असं समजून तिनं माफीचा मेल लिहिला, त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"सर," काळ्या पडद्यातून आवाज आला, "लाइन गेलेली नाही. फक्त कॅमेरा बंद झालाय. मला ऐकू येतंय."

साहेबांचा हात झपकन माऊसकडे गेला. उत्कर्षानं माऊस आधीच ओढून घेतला होता.

"तुम्ही मला का घेणार नाही," शिवानी म्हणाली, "ते एकदा पूर्ण वाक्यात सांगा."

"बोला साहेब," उत्कर्षा म्हणाली, आणि गुणपत्रिकेचा कोरा कागद पुढे ओढून तिनं पेनाचं टोपण काढलं. "मी लिहून घेते."